केबल ब्रॉडबँड, आठ महिने वापरल्यानंतर: मोडेम तीनदा बदलला, दोष जोडांमध्ये होता

जूनमध्ये कनेक्शन घेतलं, आता फेब्रुवारी संपत आला, म्हणजे पावसाळा हिवाळा दोन्ही बघून झाले, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. ठाण्यात जुनी सोसायटी आहे आमची, चौथा मजला, फायबर अजून बिल्डिंगमध्ये आलेलं नाही म्हणून टीव्हीच्या काळ्या केबलवरूनच येणारं ब्रॉडबँड घेतलं, 50 एमबीपीएसचा प्लॅन. मी घरून दहावीच्या गणिताचे ऑनलाइन क्लास घेते, संध्याकाळी साडेसहा ते नऊ. म्हणजे मला पिक्चर बघायला नेट नको आहे, माझा आवाज मुलांपर्यंत नीट जायला हवा एवढंच.

आणि नेमकं तेच होत नव्हतं. स्पीडटेस्ट लावली की डाउनलोड 46, 48 दाखवायचं, व्हिडिओ छान चालायचे, पण क्लास सुरू झाला की दहा मिनिटांत मुलं म्हणायची मॅडम आवाज तुटतोय. मला त्यांचं सगळं स्वच्छ ऐकू येतंय आणि माझं त्यांना नाही. हे लक्षण लक्षात ठेवा, यायचं नीट आणि जायचं तुटक, कारण केबलच्या लाइनवर बऱ्याचदा हे जोडांकडे बोट दाखवतं. केबलवाल्यांकडे तक्रार केली की माणूस यायचा, मोबाइलवर स्पीडटेस्ट करून दाखवायचा, ताई बघा 48 येतंय, आणि मग मोडेम बदलून जायचा. जून ते ऑगस्ट तीन मोडेम झाले. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटायचं, पाऊस आला की परत तेच.

ऑगस्टमध्ये माझा भाचा आला होता, तो नेटवर्कच्याच कामात आहे. त्याने वायफाय बाजूला ठेवून लॅपटॉप लॅन केबलने लावला आणि दोन खिडक्यांमध्ये हे चालू ठेवलं:

```
ping -t 192.168.100.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला पत्ता मोडेमचा स्वतःचा, दुसरा बाहेरचा. अर्ध्या तासात पहिल्यावर एकही उत्तर चुकलं नाही आणि दुसऱ्यावर मधे मधे तीन तीन चार चार ओळी `Request timed out`. म्हणजे घरातलं वायफाय, राउटर, लॅपटॉप यांचा संबंध नाही, गडबड मोडेमच्या पलीकडे. मग तोच पत्ता ब्राउजरमध्ये टाकला तर मोडेमचं पान उघडलं (सगळ्या मोडेममध्ये उघडतं असं नाही, काही कंपन्या बंद ठेवतात). तिथे आकडे बरेच असतात पण बघायचे तीनच. येणाऱ्या सिग्नलची पॉवर, ती शून्याच्या आसपास, उणे 7 ते अधिक 7 असली की बरी, आमची उणे 11. `SNR`, म्हणजे गोंगाटापेक्षा सिग्नल किती वर आहे ते, 35 च्या आसपास हवं, आमचं 31. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा, जाणाऱ्या सिग्नलची पॉवर, 53 डीबीएमव्ही.

हा तिसरा आकडा जास्त असणं चांगलं असं मला आधी वाटलं होतं. उलट आहे. वाटेत सिग्नल जितका गळतो तितकं मोडेमला मोठ्याने ओरडावं लागतं, आणि ओरडायलाही मर्यादा असते, पन्नासच्या वर गेलं की मोडेम जवळपास घसा फुटेपर्यंत ओरडतोय असं समजा. 38 ते 48 मध्ये असलं की निवांत. आमच्या लॉगमध्ये ओळीने `T3 time-out` पडलेले होते, म्हणजे मोडेमने वर हाक मारली आणि पलीकडून ओ आलीच नाही. असं लागोपाठ सोळा वेळा झालं की मोडेम स्वतःच पुन्हा पहिल्यापासून जोडणी सुरू करतो, आणि तेवढ्यात माझा क्लास बंद पडलेला असतो.

मग आम्ही केबलच्या मागे मागे गेलो. गच्चीवरून वायर डक्टमधून खाली येते, पॅसेजमधून दारावरच्या डब्यात, तिथे चार तोंडांचा स्प्लिटर, तिथून एक वायर हॉलमध्ये टीव्हीमागे, तिथे परत दोन तोंडांचा स्प्लिटर आणि मग मोडेम. पूर्वी घरात तीन टीव्ही होते त्या काळातला हा संसार. स्प्लिटर म्हणजे नुसता जोड नाही, तो सिग्नल वाटतो, दोन तोंडांचा असला तर प्रत्येक तोंडावर साधारण साडेतीन डेसिबल जातात आणि चार तोंडांचा असला तर सात. म्हणजे घरात शिरल्यापासून मोडेमपर्यंत साडेदहा डेसिबल आम्हीच खात होतो, आणि जाताना तेवढेच परत. चारातली दोन तोंडं तर उघडीच होती, आत गंज.

दोन्ही काढले, दारावरच एक नवीन दोन तोंडांचा लावला, एक वायर थेट मोडेमला आणि एक टीव्हीला. घेताना त्यावर छापलेला आकडा बघा, 5 पासून 1000 मेगाहर्ट्झपर्यंत असं हवं. खालचा 5 महत्त्वाचा कारण आपल्याकडून जाणारा सिग्नल अगदी खालच्या पट्ट्यात चालतो, जुन्या रचनेत 5 ते 42 नाहीतर 65 पर्यंत. डिश अँटेनाचा जुना स्प्लिटर घरात पडलेला असतो, त्यावर 950 पासून पुढे असं काही लिहिलेलं असेल तर तो इथे लावू नका, जाणारा सिग्नल त्यातून जाणारच नाही. हिशोबाप्रमाणे सात डेसिबल वाचायला हवे होते आणि तसंच झालं, जाणारी पॉवर 53 ची 46, येणारी उणे 11 ची उणे 4, `SNR` 36. मला वाटलं झालं काम.

नाही झालं. चार दिवसांनी जोराचा पाऊस आला आणि परत आवाज तुटायला लागला, आणि आकडे तर छान दिसत होते! इथे मला जे कळलं ते कुणी आधी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते. सिग्नल कमी पडणं हा एक आजार आणि बाहेरचा गोंगाट आत घुसणं हा वेगळा आजार. स्प्लिटर काढून पहिला बरा झाला होता, दुसरा तसाच होता. कोअॅक्स केबलमध्ये मधली तार सिग्नल नेते आणि तिच्याभोवतीची जाळी आणि फॉइल ही भिंत असते. जोड सैल झाला किंवा जाळी कुजली की भिंतीला भोक पडतं आणि ती वायर अँटेनासारखी वागते, मिक्सर, लिफ्टची मोटर, रेडिओ, जे काही हवेत आहे ते आत. आणि हा कचरा नेमका त्याच खालच्या पट्ट्यात जास्त असतो जिथून आपला सिग्नल जातो, म्हणून येणारं ठीक दिसतं आणि जाणारं तुटतं.

हे शोधायला आम्ही एकच केलं, मोडेमचं पान उघडं ठेवून एकेक जोड हाताने हळूच हलवून बघायचा. पानावर `Uncorrectables` म्हणून रकाना असतो, जे तुकडे दुरुस्त होण्यापलीकडे बिघडून आले त्यांची ती मोजणी. एकूण आकडा बघू नका, तो मोडेम चालू झाल्यापासूनचा असतो, बंद केला की शून्य होतो. थोड्या वेळात किती वाढतो ते बघा. पॅसेजमधला जोड हलवला आणि पान रिफ्रेश केलं तर आकडा शेकड्याने उडाला. तो जोड पिळून बसवायचा प्रकार होता, नुसता आटे फिरवून वायरवर चढवलेला, ओढला तर हातातच आला. त्यातून पाण्याचा एक थेंब माझ्या तळहातावर पडला, चौथ्या मजल्यावर, घराच्या आत. म्हणजे पाणी वरून जाळीतून झिरपत आलं होतं.

मग लाइनमन दादांना गाठलं, आणि खरं सांगते, त्या माणसाला कुणी नीट विचारलं तर त्याला सगळं माहीत असतं, फक्त त्याला वेळ दिलेला नसतो. ते म्हणाले, "ताई, आधी टॅपवर लावून बघू, मग बोलू." टॅप म्हणजे गच्चीवरचा तो डबा जिथून एकेका घराची वायर निघते. गच्चीवर लिफ्टच्या खोलीतून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला, मोडेम थेट टॅपला नव्या हातभर वायरने लावला आणि तासभर ठेवला. एकही नवा `T3`  नाही, `Uncorrectables` शून्य. म्हणजे टॅपपर्यंत लाइन स्वच्छ, दोष टॅप ते घर या 35 मीटरमध्ये. कठड्यावर वायर खिळ्याच्या क्लिपने इतकी दाबली होती की वरचं काळं आवरण फाटलेलं. दादांनी तिथे कापून दाखवलं, जाळी चमकायला हवी ती काळपट पडलेली, बोटाला पांढरी भुकटी लागली, फॉइलला ठिपके ठिपके.

पूर्ण वायर बदलली, नवी आरजी6, आणि दोन्ही टोकांना दाबून बसवायचे कॉम्प्रेशन कनेक्टर. त्यांनी बसवताना मी बघत होते. आवरण सोललं, जाळी मागे दुमडली, पण आतल्या पांढऱ्या प्लास्टिकवरचं फॉइल तसंच ठेवलं. मग कनेक्टर असा सारला की पांढरं प्लास्टिक आतल्या तळाशी अगदी समपातळीत आलं, आणि मधली तार कडेच्या बाहेर दोनतीन मिलिमीटर. एकही केस जाळीचा मधल्या तारेला लागू द्यायचा नाही. लावताना हाताने पूर्ण आवळून वर 11 च्या पान्याने थोडासा फिरवला, नुसत्या हाताने आवळलेला जोड थोड्या दिवसांत सैल होतो असं त्यांचं म्हणणं. गच्चीच्या टोकाला वायर आधी खाली लोंबवून मग वर घेतली, म्हणजे पाणी लोंबत्या जागेवरून टपकून जातं, जोडात उतरत नाही. आता जाणारी पॉवर 44, येणारी उणे 1, `SNR` 38. सप्टेंबरच्या पावसात एकही क्लास तुटला नाही.

डिसेंबरमध्ये मात्र परत एकदा झालं, पाऊस नसताना, दुपारी. माझे सगळे आकडे जागेवर, `Uncorrectables` वाढत नाहीत, तरी `T3` पडतायत. घाबरून परत वायरी हलवत बसले, काही मिळेना. दादांना फोन केला तर म्हणाले तुमच्या बिल्डिंगच्या आणखी तीन तक्रारी आहेत. जाताना सगळ्या घरांची लाइन एकाच ठिकाणी जाऊन मिळते, त्यामुळे एका घरातला गोंगाट सगळ्यांच्या डोक्यावर बसतो, तुमची वायर कितीही चांगली असली तरी. त्यांनी गच्चीवर टॅपची एकेक वायर काढून बघितली आणि दुसऱ्या मजल्यावरची काढल्याबरोबर ऑफिसातून फोन आला की गोंगाट गेला. त्या घरात रंगकाम आणि फरशीचं काम चालू होतं, मिस्त्रीने केबल अर्ध्यात कापून भिंतीतून लोंबती सोडलेली, शेजारी कटर मशीन चालू. टॅपच्या त्या तोंडावर दादांनी 75 ओमचं टर्मिनेटर टोपण बसवलं आणि त्या घरच्या काकूंना सांगितलं की टीव्ही परत लावायचा असेल तेव्हा मला बोलवा. तेव्हापासून आजपर्यंत लॉगमध्ये तीन `T3` आहेत, तिन्ही लाइट गेली त्या दिवशीचे.