प्लास्टर काढल्यावर लागणारा बूट घेताना माझे 5,400 रुपये असे गेले

आधी रक्कम सांगतो, म्हणजे मी का चिडलोय ते कळेल. बुटाचे 4,500 आणि त्यात घालायच्या जेलच्या सोलचे 900, एकूण 5,400 रुपये. त्या बुटामुळे पाय पुन्हा प्लास्टरमध्ये गेला. एक्स-रे 400, फायबरचं प्लास्टर 2,600, औसा ते लातूर गाडीच्या जादाच्या फेऱ्या 1,800. म्हणजे 10,200 रुपये पाण्यात गेले. शिवाय तीन आठवडे दुकानात बसता आलं नाही, ते मी धरलेलंच नाही.

जुलैच्या सुरुवातीला दुकानाच्या पायरीवर, ओल्या शहाबादीवरून घसरलो. उजव्या पायाच्या घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं. लातूरला एका हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर झालं, सहा आठवडे राहिलं. ऑपरेशन लागलं नाही. 14 ऑगस्टला प्लास्टर काढलं आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं की चार आठवडे वॉकर बूट घालायचा, पहिले पंधरा दिवस काठी घेऊन, पायावर निम्माच भार द्यायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा कडक बूट असतो. दोन्ही बाजूंना प्लास्टिकची पाती, आत फोमचं अस्तर, वरून पट्टे, आणि तळ झुल्यासारखा पुढे-मागे गोल. घोटा अजिबात हलू द्यायचा नाही आणि तरी चालता यावं, म्हणून तो तळ गोल असतो.

चिठ्ठी हातात घेऊन बाहेर बाकावर टेकलो न टेकलो तोच एक पोरगा आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड. मला वाटलं दवाखान्याचाच आहे. "मामा, बूट लिहून दिलाय ना? दुकान शोधत कुठं फिरता या पायानं? मी इथंच आणून देतो." सहा आठवड्यांनी पाय उघडा पडलेला, खाली टेकवायचीही भीती वाटत होती. बायको औषधांच्या रांगेत होती. अशा वेळी कोणी जागेवर आणून देतो म्हटलं तर माणूस हो म्हणणारच. मी काही अडाणी नाही, पण त्या बाकावर बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

दहा मिनिटांत बूट आला. खोक्यात नाही, काळ्या पिशवीत. विचारलं तर म्हणे, "खोकं गोदामात ओलं झालं, बूट नवाच आहे. किंमत 5,200 आहे, तुम्हाला 4,500." बिल मागितलं तर, "बिल घेतलं तर जीएसटी वर पडतो, कामून वाढवता?" फोनवरून पैसे पाठवले, ते दुकानाच्या नावावर गेले नाहीत, कुणा माणसाच्या नावावर गेले. हे सगळं मला त्या वेळीही दिसत होतं.

पण खरं रुततंय ते वेगळंच. पट्टा उघडला तेव्हा त्याच्या काटेरी बाजूत मरून रंगाचा लोकरीचा धागा अडकलेला होता. एक नाही, तीन-चार. मी बावीस वर्षं कापडाच्या दुकानात बसतोय. धागा हातात घेतला की सूत आहे, टेरिकॉट आहे की लोकर, ते मला सांगावं लागत नाही. मी तो धागा चिमटीत धरून ओढला, लोकर आहे हे कळलं, आणि खाली टाकला! ऑगस्टमध्ये नव्या बुटाच्या पट्ट्यात लोकरीचा मोजा कुठून आला, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. अस्तर पांढरंशुभ्र नवं होतं, त्याच्याकडेच बघत राहिलो. बाहेरच्या प्लास्टिकवर ओरखडे होते, तेही दिसले होते. आजही रात्री तो धागा आठवला की झोप उडते.

बूट घातला तर टाच मागे टेकेना. बोटभर फट राहत होती. माझा पाय मोठा, नऊ नंबरचा, आणि बूट मधल्या मापाचा. पोरगा म्हणाला, "वापरून सैल होतो, मामा. तोवर हा जेलचा सोल घाला, गादीसारखं वाटंल." 900 रुपये. आता मला कळतंय की हे किती उलटं होतं. टाचेखाली उंचवटा देतात तो टाचेच्या वरची जाड नस तुटलेल्यांना, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. माझ्या पायात त्या सोलनं टाच आणखी वर उचलली आणि होती ती पकडही गेली. कडक प्लास्टिकचा बूट चपलेसारखा सैल होत नसतो. टाच पहिल्या दिवशी मागे टेकली नाही तर ती कधीच टेकणार नाही.

घरी आल्यावर चालायला लागलो तर बूट बाहेरच्या बाजूला कलंडायचा. मला वाटलं सवय नाही म्हणून. आठवड्यानं टाचेला फोड आला. मग डाव्या कमरेतही दुखायला लागलं, कारण डाव्या पायात साधी चप्पल आणि उजव्यात दोन-अडीच सेंटीमीटर उंच तळ. दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट घालायचा असतो, हे मला ना त्या पोरानं सांगितलं ना दवाखान्यात कोणी. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी घाला.

30 तारखेला, पोळ्याच्या तोंडावर, फोड फुटला म्हणून तारखेच्या आधीच गेलो. डॉक्टरांनी घोट्यावर बोट दाबलं तशी मी किंकाळी मारली. एक्स-रेमध्ये मोडीची रेघ अजून स्पष्ट होती. हाड सरकलं नव्हतं, एवढंच नशीब. मग त्यांनी बूट टेबलावर ठेवला आणि बोटानं हलवला. असा बूट पुढे-मागे झुलायला हवा, हा आडवा झुलत होता. तळाची बाहेरची कड झिजून गेलेली. पाय ज्या बाजूला मुरगळून हाड मोडलं, त्याच बाजूला हा बूट मला प्रत्येक पावलाला ढकलत होता. "हा कुणाचा बूट आणलाय तुम्ही?" असं त्यांनी विचारलं. काय सांगणार होतो?

तीन आठवड्यांचं प्लास्टर पुन्हा. त्या खोलीत एक बाई बसल्या होत्या, त्यांचा बूट त्याच दिवशी निघाला होता. त्यांनी सांगितलं की असाच एक पोरगा त्यांच्याकडे आला होता, "ताई, तुमचं काम झालं, गरिबांना फुकट देतो, वर तुम्हाला 400 देतो" म्हणून. बाईंना वाटलं पुण्याचं काम आहे. बाकीचा धंदा कसा चालतो हे तुम्ही ओळखलंच असेल. चारशेला घ्यायचा, धुवायचा, नवं अस्तर लावायचं, साडेचार हजारांना विकायचा. बूट दोन्ही पायांना चालतो, त्यामुळे डावा-उजवा जुळवायची भानगडही नाही.

आता तक्रारीचं ऐका. दवाखान्याच्या काउंटरवर गेलो तर उत्तर मिळालं, "तो आमचा माणूस नाही." मग गळ्यात कार्ड घालून तो तुमच्या बाकापर्यंत येतो कसा? त्यावर उत्तर नाही. पोलीस ठाण्यात प्लास्टरचा पाय घेऊन पावणेदोन तास बसलो. विचारलं काय, तर "बिल आहे का?" बिल न देणं हीच तर फसवणूक आहे, हे मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मलाच विचारलं की तुम्ही बिल न घेता घेतलाच कसा. वजनमापांच्या कचेरीत पाठवलं, तिथं साहेब म्हणाले की वेष्टनावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेतले असतील तर कारवाई होईल, वेष्टन दाखवा. वेष्टन नाही म्हणूनच तर आलो! म्हणजे जो खोक्यात देऊन दहा रुपये जास्त घेईल तो सापडणार आणि काळ्या पिशवीत जुना माल देणारा सुटणार. प्रत्येक ठिकाणी अर्ज घेतला, पोच फक्त एका ठिकाणी मिळाली, तीही मागून.

शेवटी एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं ते उपयोगाचं निघालं. बिल नसलं तरी फोनवरून पैसे दिल्याची नोंद पुरावा म्हणून चालते, तिच्यात घेणाऱ्याचं नाव असतं. रोख दिले असते तर माझ्या हातात काहीच नव्हतं, म्हणून अशा जागी रोख देऊ नका. 1915 ही ग्राहकांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथं तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. केसपेपरवर डॉक्टरांकडून लिहून घ्या. माझ्या डॉक्टरांनी "बूट मापाचा नव्हता, तळ झिजलेला" एवढंच लिहिलं. कारण कुणाचं, ते लिहिलं नाही.

20 सप्टेंबरला दुसरा बूट घेतला तो बाजारातल्या दुकानातून, बिल करून, 3,200 ला. खोक्यावर कंपनीचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, छापील किंमत 3,950. दुकानदारानं मला बसवलं, गुडघा काटकोनात ठेवायला लावला, लांब सुती मोजा घातला, टाच मागच्या भिंतीला टेकेपर्यंत सरकवली आणि मग खालून वर पट्टे लावले. नंतर म्हणाला, आता टाच उचलून दाखवा. उचलता आली नाही. बोटं तळाच्या कडेच्या आत होती, बाहेर लोंबत नव्हती. पहिल्या बुटात ती बाहेर यायची. बोटं बधिर झाली किंवा निळी दिसली तर पट्टा सैल करा, असंही त्यानं सांगितलं. हे सगळं करायला त्याला पाच मिनिटं लागली.

बूट सुटल्यावर साधे शूज घ्यायची वेळ आली तेव्हा मी संध्याकाळी गेलो, कारण घोटा संध्याकाळी सुजलेला असतो आणि सकाळी बसलेला जोडा रात्री आवळतो. नाडीचा जोडा घेतला. टाचेमागची भिंत अंगठ्यानं दाबली, दबली तो ठेवून दिला. बोटांपाशी वाकणारा घेतला, मधोमध घडी होणारा नाही. कोणी "ऑर्थो" म्हणून विकतंय म्हणून घेऊ नका, आधी दाबून बघा.

तो जुना बूट मी फेकलेला नाही. गोदामात कापडाच्या गाठींमागे ठेवलाय. अस्तराच्या शिवणीत मरून धागा अजून एक सापडला, तो कागदाला चिकटवून पाकिटात घातलाय. आयोगात अर्ज दिलाय, पुढची तारीख मिळाली की बूट, सोल आणि ते पाकीट घेऊन जाणार आहे.