डोळ्याच्या पडद्यातल्या छिद्राचं ऑपरेशन: आठ महिन्यांनी शिरोरेषा किती सरळ झाली

दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे, वय ६३. गेल्या जूनमध्ये ऐन बियाण्याच्या गर्दीत डाव्या डोळ्यात कचरा गेला. तो चोळत उजव्या डोळ्यानं पावती वाचायला घेतली, तर ‘कापूस’मधला ‘पू’ गायब! शिरोरेषा मधोमध आत ओढल्यासारखी, आजूबाजूची अक्षरं चिमटीत धरल्यासारखी. दोन्ही डोळे उघडे असले की यातलं काहीच कळायचं नाही.

चष्मा दोनदा बदलला. एका शिबिरात ‘मोतीबिंदू आहे, पिकू द्या’ म्हणाले. या भानगडीत तीन महिने गेले. मोतीबिंदूनं धुरकट दिसतं, सरळ रेष वाकत नाही. रेष वाकली की दोष आतल्या पडद्यात असतो आणि तो चष्म्याच्या काचेनं जात नाही. हे मला नागपूरला पडद्याच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं.

तिथं ओसीटी काढली. पडद्याचा उभा काप दिसतो त्यात. उजव्या डोळ्यात बरोबर मधोमध, ज्या जागेनं आपण वाचतो तिथंच, आरपार छिद्र होतं, ३८० मायक्रॉनचं. वयानुसार डोळ्यातली जेली आकसते आणि सुटताना पडद्याला ओढते, त्यातून हे होतं. डाव्या डोळ्यात वेगळंच निघालं: पडद्यावर सायीसारखा पातळ पापुद्रा, त्यानं खालचा पडदा चुरगळलेला. त्या डोळ्यानं शिरोरेषा लाटेसारखी दिसते, पण अक्षर एकही गळत नाही.

मला वाटलं दोन्ही डोळे कापतील. डॉक्टर म्हणाले, “काका, डाव्याला हात लावायचा नाही.” तो तक्त्यावर ६/९ वाचत होता, म्हणजे जवळजवळ पूर्ण. पापुद्रा वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. वाचायला, गाडी चालवायला खरंच अडू लागलं तरच तो सोलायचा. छिद्राचं गणित उलटं. ते आपोआप क्वचितच बुजतं, थांबलं तर रुंदावतं, जुनं झालं की बुजूनही नजर कमी परतते. ४०० मायक्रॉनच्या आतलं असेल तर दहातली नऊ छिद्रं एकाच ऑपरेशनात बुजतात, म्हणाले. माझा उजवा ६/६० पर्यंत घसरला होता.

सप्टेंबरअखेर ऑपरेशन झालं. डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन बधिर केलं, तासभर लागला. आतली जेली काढतात, पडद्यावरची बारीक साल निळ्या रंगानं रंगवून सोलतात आणि डोळ्यात गॅस भरतात. गॅसचा बुडबुडा वर तरंगतो, म्हणून तो छिद्रावर टेकावा यासाठी मान खाली.

खरी परीक्षा ही. सात दिवस जेवण आणि संडास सोडून तोंड जमिनीकडे. बाजेवर पालथा पडून डोकं कडेबाहेर, कपाळाखाली गोधडीची वळकटी. मुंग्यांचा अख्खा संसार पाहून झाला. बायको सोयाबीन सोंगायच्या मजुरांमागे. म्हणे, “तुमी भुई पाहा, मी वावर पाहतो.” मान आखडलेली होतीच. दुसऱ्या दिवशी डोळ्याचा दाब वाढून दुखायला लागलं, तेही मी मानेवरच ढकललं. फोन केल्यावर बोलावून थेंब दिले. दुखलं की लगेच विचारायचं, एवढंच सांगतो.

गॅस जिरताना मजा असते. सरळ बसलं की वरून उजळ पट्टी उतरत येते, खालचं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं डुचमळतं. गवंड्याच्या लेव्हल-पट्टीतल्या पाण्यासारखी ती रेष रोज थोडी खाली. अडीच आठवड्यांत छोटा गोळा उरला आणि एका सकाळी तोही गेला. मधल्या काळात चिखलदऱ्याला लग्न होतं, ते सोडावं लागलं. उंचीवर गॅस फुगतो आणि डोळ्याचा दाब चढतो, त्यामुळे घाटही नाही आणि विमानही नाही.

महिन्यानं ओसीटीत छिद्र बुजलेलं. तीन महिन्यांनी ६/१८. ‘पू’ परत आला! शिरोरेषा मात्र पूर्ण सरळ झाली नाही. आधी खड्डा होता, आता बारीकसा मोड आहे. औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षर डाव्यानंच वाचतो.

आणि सातव्या महिन्यात पुन्हा धुरकट. छिद्र उघडलं म्हणून हातपाय गळाले. ओसीटी काढली, छिद्र बंद. आता खरोखरच मोतीबिंदू. नैसर्गिक भिंग असलेल्या डोळ्यात या ऑपरेशननंतर वर्ष-दोन वर्षांत तो बहुतेकांना येतो, हे आधीच सांगितलं होतं, मीच विसरलो. फरक ओळखणं सोपं होतं: यावेळी सगळंच धुरकट, पण रेष वाकलेली नव्हती.

भिंग बसवायचं पेरणी आटोपल्यावर ठरलंय. डाव्यासाठी गल्ल्यामागे रेघांच्या वहीचा कागद चिकटवलाय. दर रविवारी दुकान उघडताना उजवा झाकून त्याकडे पाहतो. लाट तेवढीच आहे.