एपॉक्सीचे पैसे घेतले, सिमेंट भरून गेला

दोन बाथरूम, मिळून ८५ चौरस फूट फरशी. एपॉक्सी ग्राउटचा दर ११० रुपये फूट, म्हणजे ९,३५०. वर 'सीलर'चे २,४००. एकूण ११,७५० रुपये गेले, आणि फरशीच्या सांध्यांत भरलंय साधं सिमेंट ग्राउट.

मिस्त्रीने बादलीभर पाणी मागितलं तेव्हाच हाकलायला हवा होता! एपॉक्सीत पाणी घालतच नाहीत. रेझिन आणि हार्डनर एकत्र करून त्यात पावडर मिसळतात. हा पुडी फोडून पाण्यात कालवत होता, आणि मीच पाणी भरून दिलं. पण ऑफिसचा कॉल सोडून मिस्त्रीच्या डोक्यावर कोण उभं राहतं? ठेकेदार शेजाऱ्यांच्याच ओळखीचा होता.

सीलरचीही मेख नंतर कळली. एपॉक्सी पाणी शोषत नाही, त्याला सीलर लागतच नाही. सिमेंटच्या सांध्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो जिरतो आणि जागा काळपट होते, तेवढ्यानेच पितळ उघडं पडलं असतं. सीलर मारल्यामुळे थेंब मोत्यासारखा वर थांबला आणि मी खूश. म्हणजे चोरी लपवायचे पैसेही माझ्याकडूनच घेतले. तुम्ही किल्लीने खरवडून बघा: भुकटी निघाली तर सिमेंट.

रंगही त्यानेच गळ्यात मारला. "आयव्हरी घ्या, एपॉक्सीला डाग पडत नाहीत." आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यात लोह. दोन महिन्यांत नळाखालचे सांधे तांबूस झाले. कामवाल्या मावशींनी संडासाचं ॲसिड ओतलं. त्याने सीलर टिकला नाही आणि खालचं सिमेंटही खाल्लं. अशा पाण्याला मध्यम राखाडी बरा. गडद काळा घेतलात तर क्षारांचे पांढरे डाग उठून दिसतात.

ठेकेदार आता फोन उचलत नाही. चौकीत गेलो तर "हे दिवाणी प्रकरण, ग्राहक मंचात जा." तक्रार केंद्रावर पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे वहीचा कागद, त्यावर नुसतं 'ग्राउट + सीलर'. तिथले साहेब म्हणाले, "यात एपॉक्सी कुठे लिहिलंय?" व्हॉट्सॲपवरचा दर दाखवला, तर म्हणे प्रिंट काढून आणा. प्रिंट नेली तर साहेब रजेवर. त्यांच्या जागेवरच्या बाईंनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, काय घेतलं होतं तुम्ही? फरशी?

बिलावर 'एपॉक्सी' शब्द, कंपनी आणि किलो लिहून घ्या. डबे समोर फोडायला लावा, रिकामे झाले तरी काम संपेपर्यंत नेऊ देऊ नका.

सिमेंट ग्राउटच परवडत असेल तर खुशाल घ्या, त्याला सीलर मारणं फुकट जात नाही: साबण, तेल, उटण्याचे डाग लवकर मुरत नाहीत. पण तो झिजतो, वर्षा-दोन वर्षांनी परत मारावा लागतो, आणि ॲसिडची बाटली घरात असेल तर ते २,४०० रुपये वाचवा.

आता सांधे खरवडून खरं एपॉक्सी भरायचे दुसरा मिस्त्री १४,००० मागतोय. त्याला आधीच सांगितलंय, बादली मिळणार नाही, सफाईचं पाणी मी मगाने देईन.