बॉयलर किती बारचा घ्यावा? नुसता सुपरहीट की सोबत रीहीटही?

तीसेक मेगावॉटचा वीजसंच घ्यायचा ठरला की बॉयलरच्या दाबाचा प्रश्न लगेच समोर येतो. विक्रेता जास्त दाबाचा बॉयलर सुचवतो आणि कार्यक्षमतेचा आकडा पुढे करतो. तो आकडा बहुधा खोटा नसतो, पण अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी टर्बाइनच्या शेवटच्या पात्यांपाशी असते, कारण तिथे पोचणारी वाफ किती ओली आहे हेही बॉयलरच्या दाबावरच ठरतं.

दाबाचा परिणाम वेगळा दिसावा म्हणून बाकी सगळं स्थिर धरू. टर्बाइनच्या तोंडाशी वाफ ५०० अंश सेल्सिअस, कंडेन्सरमध्ये ०.१ बार निरपेक्ष दाब (म्हणजे जवळपास ४६ अंशांना वाफेचं पाणी होतं), टर्बाइनची आयसेन्ट्रॉपिक कार्यक्षमता ८५ टक्के आणि फीडवॉटर हीटर एकही नाही. वाफेच्या तक्त्यांवरून हिशेब असा येतो:

| बॉयलरचा दाब | चक्राची कार्यक्षमता | बाहेर पडताना शुष्कता |
|---|---|---|
| ४० बार | ३१.२ टक्के | ०.९३ |
| ८० बार | ३३.५ टक्के | ०.८९ |
| १०० बार | ३४.१ टक्के | ०.८७ |
| १५० बार | ३५.१ टक्के | ०.८४ |
| १५० बार, ४० बारला रीहीट | ३६.९ टक्के | ०.९३ |

शुष्कता ०.८७ म्हणजे एक किलो वाफेत ८७० ग्रॅम वाफ आणि १३० ग्रॅम पाणी. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात १०० बारला हाच आकडा ०.७९ येतो, कारण तिथे टर्बाइन आदर्श धरलेलं असतं. खऱ्या टर्बाइनमध्ये घर्षणात वाया गेलेली ऊर्जा वाफेतच उष्णता म्हणून राहते आणि वाफ थोडी कोरडी ठेवते. उलट बाजूनं पाहिलं तर टर्बाइन जितकं चांगलं, तितकी शेवटची वाफ ओली.

आता पहिल्या चार ओळी पुन्हा पाहा. ४० वरून ८० बारवर गेल्यावर २.३ टक्के मिळतात, १०० वरून १५० वर गेल्यावर जेमतेम एक. दाब वाढला की पाणी जास्त तापमानाला उकळतं: ४० बारला २५० अंशांना, १०० ला ३११, १५० ला ३४२. चक्रात उष्णता सरासरी जास्त तापमानाला शिरते म्हणून कार्यक्षमता वाढते. पण उत्कलनबिंदू दाबाच्या प्रमाणात चढत नाही, तो हळूहळू मंदावतो, आणि फायदाही त्याच्यासोबत मंदावतो. फीड पंपाचं काम मात्र दाबाच्या थेट प्रमाणात वाढत जातं.

ओलेपणाचं कारणही याच आकड्यांत आहे. ४० बारची ५०० अंशांची वाफ संपृक्त अवस्थेच्या २५० अंश वर असते, तर १५० बारची त्याच तापमानाची वाफ फक्त १५८ अंश वर. प्रसरणात ही शिल्लक लवकर संपते, आणि उरलेल्या वाटेवर पाणी सुटत राहतं.

किती ओलेपणा चालतो? कंडेन्सिंग टर्बाइनसाठी शुष्कता ०.८८ ते ०.९० च्या खाली जाऊ देऊ नये, हा जुना आणि टिकलेला दंडक आहे. त्यामागे दोन कारणं आहेत. ओल्या टप्प्यात सरासरी दर एक टक्का पाण्यामागे त्या टप्प्याची कार्यक्षमता साधारण एक टक्क्यानं घसरते, याला बाउमानचा नियम म्हणतात. तक्त्यात आपण ८५ टक्के सरसकट धरले आहेत, त्यामुळे १५० बारच्या साध्या चक्राचा ३५.१ हा आकडा प्रत्यक्षात आणखी खाली येईल. दुसरं कारण पात्यांच्या झिजेचं. वाफेत तयार होणारे सूक्ष्म कण वाफेबरोबरच वाहतात आणि फारसं बिघडवत नाहीत. बिघडवतं ते स्थिर पात्यांवर साचलेलं पाणी. ते कडेवरून मोठ्या थेंबांनी सुटतं, वाफेचा वेग पकडू शकत नाही, आणि फिरणारं पातं सेकंदाला कित्येक शे मीटर वेगानं त्यावर आदळतं. पात्याच्या टोकाकडे वेग सर्वांत जास्त, म्हणून झीज तिथूनच सुरू होते. त्या कडेला स्टेलाइटची पट्टी बसवतात ती याचसाठी.

ओव्हरहॉलला टर्बाइन उघडल्यावर निदान करताना इथे एक गफलत होते. टोकाजवळची पुढची कड करवतीसारखी झाली असेल तर दोष ओल्या वाफेचा. मुळाजवळची मागची कड झिजली असेल तर आधी कमी भारावरचं चालवणं आणि एक्झॉस्ट हूडमधला पाण्याचा फवारा तपासावा, कारण तिथे वाफ उलटी फिरते आणि फवाऱ्याचं पाणी पात्यांवर खेचते. बॉयलरचा दाब त्याला जबाबदार नसतो. चालू संचात थर्मामीटर लावून शुष्कता कळत नाही, हेही लक्षात ठेवावं. ओली वाफ कितीही ओली असली तरी दिलेल्या दाबाला तिचं तापमान तेच राहतं. शुष्कता काढायची तर उष्णतेचा ताळेबंद मांडूनच.

मग दाब वाढवून वाफ कोरडी कशी ठेवायची? सोपा मार्ग म्हणजे तापमानही सोबत वाढवणं. साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांत ११० अटाच्या, म्हणजे सुमारे १०८ बार निरपेक्ष दाबाच्या बॉयलरला ५४० अंशांची वाफ घेतात. १०० बार आणि ५०० अंशांना शुष्कता ०.८७ होती. ११० अटा आणि ५४० अंशांना ती ०.८९ च्या आसपास येते आणि कार्यक्षमताही ३५ टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणून कोटेशन वाचताना दाब आणि तापमान ही जोडी एकत्र वाचावी. ११० अटा लिहून तापमान ५०० वर ठेवणारा प्रस्ताव स्वस्त दिसेल, पण त्याची किंमत टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यात चुकवावी लागेल.

ही वाट फार लांब जात नाही. हिशेबात १५० बारला ६०० अंश घेतले तर रीहीटशिवायच शुष्कता ०.९० च्या जवळ आणि कार्यक्षमता ३६.५ टक्के येते. कागदावर उत्तम. पण ५४० अंशांच्या आसपास क्रोम-मॉलिब्डेनमच्या नेहमीच्या मिश्रधातूंची मजल संपत येते. पुढे ९ टक्के क्रोमियमचं पी-९१ सारखं पोलाद लागतं, त्याचं वेल्डिंग आणि वेल्डिंगनंतरची उष्णताप्रक्रिया दोन्ही कडक शिस्तीची. छोट्या प्रकल्पाच्या देखभाल चमूवर हा भार टाकताना दोनदा विचार करावा.

रीहीट हे नेमकं याच अडचणीवरचं उत्तर आहे. १५० बारची वाफ हाय प्रेशर टर्बाइनमधून ४० बारपर्यंत काम करून बाहेर येते, बॉयलरमध्ये परत जाते, पुन्हा ५०० अंशांना तापते आणि मग पुढच्या टर्बाइनमध्ये शिरते. म्हणूनच तक्त्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत शुष्कता सारखीच, ०.९३, आहे: पुढचा प्रवास ४० बारच्या वाफेचाच आहे.

रीहीटचा दाब कुठे ठेवायचा हे जास्त महत्त्वाचं. वाफ जितकी कोरडी तितकं बरं, असं समजून तो खाली नेला तर नुकसान होतं. हाच संच १० बारला रीहीट केला तर बाहेर पडणारी वाफ ओली तर नाहीच, उलट अतितप्त, सुमारे ६० अंशांची निघते. कंडेन्सर मात्र ४६ अंशांचा आहे. म्हणजे पैसे देऊन दिलेली उष्णता थेट थंड पाण्याला. कार्यक्षमता ३६.९ वरून ३६.५ वर उतरते. मुख्य दाबाच्या पाव हिश्श्याच्या आसपास रीहीट ठेवण्याची रीत आहे, ती या हिशेबाशी जुळते.

आता ३० मेगावॉटवर आणून पाहू. वरच्या आकड्यांनी ४० बारला तासाला सुमारे १०६ टन वाफ लागते, १०० बारला १०० टन, रीहीटच्या चक्रात ८३ टन. वाफेतला फरक पाहून फसू नये. रीहीटमध्ये प्रत्येक टनाला बॉयलर दोनदा उष्णता देतो. तुलना इंधनावर करावी. ४० वरून १०० बारवर गेल्यास बॉयलरची उष्णता सुमारे ८ मेगावॉटनं कमी होते. बगॅसचा उष्मांक किलोला २,२७० किलोकॅलरी आणि बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर तासाला साडेचार टनांच्या आसपास बगॅस वाचतो. हा फायदा ठोस आहे.

१०० बारवरून १५० बार आणि रीहीटवर गेल्यास हिशेब आणखी साडेतीन टन दाखवतो, पण तेवढे हाती लागत नाहीत. तासाला ८३ टन वाफ १५० बारला इतकी कमी जागा घेते की पहिल्या टप्प्यांतली पाती बुटकी होतात. टोकाजवळच्या फटीतून गळणारा हिस्सा वाढतो आणि हाय प्रेशर भागाची कार्यक्षमता ८५ वरून ७५ टक्क्यांकडे येऊ शकते. रीहीटरच्या नळ्यांत जाता-येता दाब दहाएक टक्के पडतो. हे दोन्ही धरले तर ३६.९ चे ३६ च्या आसपास उरतात. त्यासाठी दोन जास्तीच्या मोठ्या वाफवाहिन्या, टर्बाइनचं वेगळं आवरण, बायपास यंत्रणा आणि इंटरसेप्ट व्हॉल्व्ह घ्यावे लागतात. यातलं काहीच वगळता येत नाही. भार अचानक तुटला तर रीहीटरमध्ये साठलेली वाफ टर्बाइनला अतिवेगात नेईल, म्हणून इंटरसेप्ट व्हॉल्व्ह. सुरुवातीला रीहीटरमधून वाफ वाहत नसताना नळ्या जळतील, म्हणून बायपास. शिवाय रीहीटचं तापमान आवरायला पाण्याचा फवारा सतत वापरावा लागत असेल तर भट्टीचं नियंत्रण चुकतंय असं समजावं. ते पाणी हाय प्रेशर टर्बाइनला वगळून पुढे जातं आणि कार्यक्षमता खातं.

दोनशे मेगावॉटच्या संचात हे सगळं परवडतं, पाती पुरेशी उंच राहतात. कोराडी, चंद्रपूर, परळीच्या २१० मेगावॉटच्या संचांत रीहीट होतं ते त्यामुळेच. तीस मेगावॉटला ११० अटा आणि ५४० अंशांचं साधं चक्र, सोबत फीडवॉटर हीटर, हा माझ्या मते योग्य निर्णय. ६५ ते ९० अटाचा पर्याय तेव्हाच निवडावा, जेव्हा पाण्याची शुद्धता राखण्याची खात्री नसेल. दाबासोबत सिलिका वाफेत विरघळून टर्बाइनपर्यंत जाण्याचं प्रमाण झपाट्यानं वाढतं, आणि कारखान्याच्या परतीच्या कंडेन्सेटमध्ये साखर उतरली तर जास्त दाबाचा बॉयलर ती चूक कमी सोसतो.

वाफ प्रामुख्यानं प्रक्रियेला द्यायची असेल तर शुष्कतेची चिंताच मागे पडते. टर्बाइन अडीच बारला वाफ सोडत असेल तर १०० बार आणि ५०० अंशांनाही शुष्कता ०.९७ राहते. मात्र हंगाम संपल्यावर तोच संच कंडेन्सिंगवर पूर्ण भारानं चालवणार असाल, तर वरचा तक्ता पुन्हा लागू होतो. टर्बाइनच्या मागणीपत्रात कंडेन्सिंगवरच्या पूर्ण भाराची शुष्कता स्वतंत्र ओळीत लिहून मागावी.