पिकअप कितव्या वर्षी विकावी: सरासरी वार्षिक खर्चाची पद्धत काही महिने वापरल्यानंतर

रावेर, सावदा, यावल या पट्ट्यात केळी ओढणाऱ्या दीड टनी डिझेल पिकअपवर ही पद्धत काही महिने चालवून पाहिली आहे. गाडी किती वर्षे ठेवली तर वर्षाला सगळ्यात कमी पैसे जातात, एवढाच प्रश्न ती सोडवते. तो चांगला सोडवते, पण तिला खरे आकडे द्यावे लागतात. बहुतेकांचे तिथेच चुकते, म्हणून पद्धतीपेक्षा आकड्यांबद्दलच जास्त लिहितो.

हिशेब असा. गाडीच्या ऑन-रोड किमतीतून त्या वर्षाअखेर मिळणारी विक्रीची किंमत वजा करायची, तोवर झालेला सगळा देखभाल खर्च त्यात मिळवायचा आणि जितकी वर्षे गाडी वापरली तितक्याने भागायचे. हे प्रत्येक वर्षासाठी करून बघायचे. सुरुवातीला सरासरी झपाट्याने उतरते, कारण पहिल्या वर्षाची मोठी घसरण जास्त वर्षांत वाटली जाते. पुढे दुरुस्ती वाढत गेली की ती पुन्हा चढते. सगळ्यात खालचा आकडा ज्या वर्षी येतो, ते विकायचे वर्ष.

दहा लाखांची गाडी, वर्षाला साधारण ४०,००० किलोमीटर. खालचे आकडे हजार रुपयांत आणि नमुन्यासाठी गोल केलेले आहेत. आपल्या गाडीचे आकडे आपण घालावेत.

| वर्ष | वर्षाअखेर विक्री किंमत | त्या वर्षीची देखभाल | त्या वर्षाचा एकूण खर्च | आजवरची सरासरी |
|---|---|---|---|---|
| १ | ८०० | ५५ | २५५ | २५५ |
| २ | ६९० | ७० | १८० | २१७.५ |
| ३ | ६०० | १०५ | १९५ | २१० |
| ४ | ५२० | ११० | १९० | २०५ |
| ५ | ४५० | १३० | २०० | २०४ |
| ६ | ३९० | १५५ | २१५ | २०५.८ |
| ७ | ३३५ | १९५ | २५० | २१२.१ |
| ८ | २७० | २५० | ३१५ | २२५ |

चौथा रकाना म्हणजे त्या वर्षात उतरलेली किंमत आणि त्या वर्षीची देखभाल यांची बेरीज. रोजच्या वापरात सगळ्यात कामाला येतो तो हाच. पाचव्या वर्षाअखेर सरासरी २०४ आहे आणि सहावे वर्ष २१५ घेणार आहे. येणारे वर्ष आजवरच्या सरासरीपेक्षा महाग पडणार असेल तर गाडी काढायची, स्वस्त पडणार असेल तर ठेवायची. सगळा तक्ता पुन्हा मांडायची गरज नाही, पुढच्या एका वर्षाचा अंदाज पुरतो.

मोबाईलवरच्या शीटमध्ये A रकान्यात वर्ष, B मध्ये विक्री किंमत, C मध्ये देखभाल आणि F1 मध्ये खरेदी किंमत ठेवा. पहिले वर्ष दुसऱ्या ओळीत येते. तिसऱ्या ओळीतली सूत्रे अशी, तीच खाली ओढायची:

```
D3: =B2-B3+C3
E3: =($F$1-B3+SUM($C$2:C3))/A3
```

पहिल्या वर्षाच्या ओळीत मात्र D2 मध्ये `=$F$1-B2+C2` लिहावे लागते, कारण तिथे आधीची विक्री किंमत नसते.

तक्त्यातली दुसरी गोष्ट म्हणजे तळ किती सपाट आहे. चौथे, पाचवे आणि सहावे वर्ष यांत वर्षाला दोन हजारांचाही फरक नाही. म्हणजे नेमके पाचव्याच वर्षी विकले पाहिजे असे काही नाही. गिऱ्हाईक चांगले असेल तर चौथ्यात द्या, सहाव्यात दिली तरी बिघडत नाही. आठव्या वर्षापर्यंत ओढली तर मात्र वर्षाला २१ हजार, म्हणजे आठ वर्षांत १ लाख ६८ हजार जादा जातात. आठव्यात विक्री किंमत एकदम खाली येते, त्याला पासिंगचे कारण आहे. मालवाहू गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचे मिळते, त्यापुढे दरवर्षी पासिंग. घेणारा ते मोजूनच भाव पाडतो.

आता आकड्यांकडे. पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हप्त्यांची. हप्ते फिटले की गाडी फुकटात चालते असे बऱ्याच जणांना वाटते. हप्ता हा खर्च भरायचा मार्ग आहे, खर्च नव्हे. गाडीचा खरा खर्च म्हणजे तिची उतरणारी किंमत, आणि ती हप्ते संपल्यावरही उतरतच राहते. मुद्दलाचे हप्ते तक्त्यात आणायचेच नाहीत.

व्याज मात्र आणावे, आणि ते कर्ज नसले तरी. गाडीत अडकलेला पैसा बँकेत असता तर काही मिळाले असतेच. वर्षाच्या सुरुवातीच्या विक्री किमतीवर ९ टक्के धरले तर पहिल्या वर्षी ९०, दुसऱ्या वर्षी ७२, असे ते उतरत जाते. ते मिळवल्यावर सरासरी पाचव्या वर्षी २६९, सहाव्या वर्षी २६६.७ आणि सातव्या वर्षी २६९.४ येते. म्हणजे तळ एक वर्षाने पुढे सरकला. नव्या गाडीत जास्त पैसा अडकतो, म्हणून व्याज धरले की जुनी थोडी अधिक काळ ठेवणे परवडते. आमचे मत विचाराल तर व्याजासकटचाच तक्ता खरा. वर तो न देण्याचे कारण एवढेच की आधी साधा हिशेब हातात बसावा.

विक्री किंमत कुठून आणायची? विम्याच्या कागदावरच्या आयडीव्हीवरून नाही. ती ठरलेल्या टक्क्यांनी उतरते, चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीला ५० टक्के घट, मग गाडी कशीही असो. सीएने काढलेल्या घसाऱ्यावरून तर अजिबात नाही. भाड्याच्या मालवाहू गाडीला आयकरात वर्षाला ३० टक्के घसारा मिळतो, त्या हिशेबाने दहा लाखांची गाडी पाच वर्षांनी १ लाख ६८ हजारांची राहते. बाजारात तीच साडेचार लाखांना जाते. ही कागदी किंमत तक्त्यात घातली तर तळ सातव्या वर्षी दिसतो आणि माणूस गाडी उगाच दोन वर्षे जास्त ओढतो. ऑनलाइन जाहिरातीतला भाव हा मागणारा भाव असतो, तोही नको. जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या दोन-तीन दलालांना गाडी दाखवून रोख काय देता ते विचारायचे आणि मधला आकडा लिहायचा. वर्षातून एकदा, त्याच महिन्यात.

दलाल आधी चॅसी बघतो. पाट्यांच्या हँगरजवळ वेल्डिंग दिसले की गाडीवर जादा माल ओढलेला आहे हे त्याला कळते. दीड टनाच्या गाडीत अडीच टन घड भरून जे भाडे वाचते, त्यातले बरेच इथे परत जाते. बँकेचा बोजा आरसीवरून उतरवलेला नसेल तरी भाव पडतो, म्हणून फॉर्म ३५ चे काम विक्रीच्या आधीच उरकून ठेवावे. गिऱ्हाईक बऱ्हाणपूरकडचे असेल तर एमएच-१९ च्या गाडीला दुसऱ्या राज्यासाठी एनओसी लागते, त्यात जाणारे दिवसही मोजा.

देखभालीत काय धरायचे, याला सोपा नियम आहे. नव्या गाडीलाही तितकाच लागणारा खर्च सोडून द्यायचा. ड्रायव्हरचा पगार, टोल आणि नेहमीचे डिझेल यांनी सरासरीचा आकडा वाढतो, पण तळाचे वर्ष हलत नाही. जुनी झाल्यामुळे जास्त लागलेले डिझेल मात्र धरायचे. ॲव्हरेज लिटरला १४ वरून १२.८ वर आले तर ४०,००० किलोमीटरला सुमारे २६८ लिटर जास्त जातात. लिटरला ९२ रुपये धरले तर साडेचोवीस हजार. हा खर्च कुठल्याच बिलावर दिसत नाही, म्हणून हमखास राहून जातो.

टायर किलोमीटरवर वाटायचे. पाच टायरचा संच साडेबत्तीस हजारांना आणि चालला ५०,००० किलोमीटर, तर किलोमीटरला ६५ पैसे, वर्षाला २६ हजार. बिलाच्या तारखेला सगळी रक्कम टाकली तर सरासरी एखाद्या वर्षी उगाच उसळते आणि तळ आला असे वाटते. तिसऱ्या वर्षाची उडी तशी नाही, ती क्लच आणि पाट्यांच्या कामाची आहे. ती टाळता येत नाही.

बंद पडण्याचा खर्च वेगळा लिहावा. कापणीच्या दिवशी गाडी थांबली तर माल शेतात थांबत नाही, दुसरी गाडी भाड्याने आणावी लागते. तिचे भाडे वजा आपले वाचलेले डिझेल, हा त्या दिवसाचा आकडा. सहाव्या वर्षापुढे असे दिवस एप्रिल-मेमध्ये दाटतात. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना जुने रेडिएटर होज, फॅन बेल्ट आणि बॅटरी आधी जातात. होज फुटल्यावरही गाडी तशीच पुढे रेटली तर हेड गॅस्केटचे काम निघते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा या पद्धतीची खरी परीक्षा झाली. नवी स्वस्त झाली म्हणून जुनी काढायची घाई अनेकांना झाली. पण नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही पडतो. समजा नवी आता ९.३० लाखांना पडते आणि तिची पाच वर्षांची सरासरी १९७ येते. चार वर्षांच्या जुनीला ५२० मिळत होते, तिथे आता ४८० मिळतात. हे ४० गेले ते गेले, ते हिशेबात पुन्हा आणायचे नाहीत. पाचव्या वर्षाअखेर तिचे ४१५ येणार असतील, तर त्या वर्षाचा खर्च ६५ अधिक १३० म्हणजे १९५. तो १९७ पेक्षा कमी आहे, म्हणून ठेवायची. सहाव्या वर्षाचा खर्च २१० येतो, तेव्हा काढायची. आपण गाडी किती रुपयांना घेतली होती, हे या तुलनेत येतच नाही.

पद्धत जिथे अडखळते ते मोठे काम. पाच वर्षांची गाडी, इंजिनाचे ७० हजारांचे काम निघाले. मिस्तरीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सांगतात, एवढे घालण्यापेक्षा विकून टाक. आहे तशी विकली तर ३६५ मिळतात. दुरुस्त करून लगेच विकली तर ४३०, खर्च जाता ३६०, म्हणजे विकण्यासाठी दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. पण दुरुस्त करून वर्षभर चालवली तर? आज सोडून दिलेले ३६५, दुरुस्तीचे ७० आणि बाकी देखभाल १२० मिळवा, त्यातून वर्षाअखेरचे ३८० वजा करा. १७५ येतात, नव्या गाडीच्या १९७ पेक्षा कमी. तेव्हा दुरुस्त करून चालवणे बरे. मात्र वर्षाअखेर ३८० ऐवजी ३४० च मिळाले तर खर्च २१५ होतो आणि निर्णय उलटतो. इथे सगळे दलालाच्या विश्वासावर येते. इंजिन उघडलेले त्याला दिसतेच, म्हणून कामाचे पक्के बिल आणि बदललेल्या सुट्या भागांची यादी गाडीच्या कागदांत ठेवा. ते नसेल तर ३४० धरूनच हिशेब करा.