देवासच्या दुकानाचं खातं : डेटर्स पद्धत की स्टॉक पद्धत?

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका साड्यांच्या दुकानाचे हिशेब मी पाहतो. मालक काकांनी देवासला शाखा काढली आणि पहिल्याच दिवशी ठरवलं, की माल इथून विक्रीच्या किमतीनेच पाठवायचा. तिथल्या मुलांना खरेदीचा भाव कळायला नको, आणि साडीवरच्या चिठ्ठीची व बिलाची किंमत एकच असावी. मग त्यांनी विचारलं, "वही कशी ठेवायची?"

उत्तर देण्याआधी मी त्यांना एका वर्षाचे गोल आकडे मांडून दाखवले. खरेदीवर 25 टक्के चढवून विक्रीची किंमत धरली. सुरुवातीचा साठा 50,000, पाठवलेला माल 4,00,000, विक्री 3,75,000. त्यातली रोख 2,65,000 आणि उधार 1,10,000. उधारी सुरुवातीला 20,000 होती, वर्षभरात 97,000 वसूल झाले, शेवटी 33,000 उरली. रोख आणि वसुली सगळी इंदूरला आली, आणि भाडं-पगाराचे 36,000 इंदूरहून गेले. शेवटी मोजलेला साठा 70,000.

डेटर्स पद्धतीत हे सगळं एकाच शाखा खात्यात बसतं. नावे बाजूला सुरुवातीचा साठा, जुनी उधारी, पाठवलेला माल आणि खर्च. जमेला आलेले 3,62,000, शेवटचा साठा आणि शिल्लक उधारी. पण साठा आणि माल फुगवलेल्या किमतीचा असल्यामुळे चढवलेली रक्कम तीन ठिकाणी काढावी लागते. सुरुवातीच्या साठ्यातले 10,000 आणि पाठवलेल्या मालातले 80,000 जमेला, शेवटच्या साठ्यातले 14,000 नावे. जमा 5,55,000, नावे 5,20,000, म्हणजे नफा 35,000.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे 70,000 चे 25 टक्के काढणं. 25 टक्के खरेदीवर आहेत. विक्रीच्या किमतीत तो पाचवा हिस्सा होतो, म्हणून 14,000. तिथे 17,500 लिहिले, तर नफा 3,500 नी कमी दिसेल आणि खातं बिनबोभाट जुळेल. (परीक्षेतही मुलं इथेच घसरतात.)

आता स्टॉक पद्धत. इथे शाखेचा साठा, उधारी, खर्च आणि चढवलेली रक्कम यांची खाती वेगवेगळी. साठ्याच्या खात्यात 4,50,000 चा माल आला, 3,75,000 चा विकला, म्हणजे फडताळात 75,000 चा हवा. मोजला तर 70,000. पाच हजारांच्या साड्या गेल्या कुठे?

हा प्रश्न डेटर्स पद्धतीत खातं विचारतच नाही. तूट तिथेही नफ्यातून गेलेलीच आहे, फक्त दिसत नाही. स्टॉक पद्धतीत तिचे दोन भाग होतात. चढवलेले 1,000 अ‍ॅडजस्टमेंट खात्यात, म्हणजे चढवलेल्या रकमेच्याच खात्यात जातात, कारण तो नफा कधी झालाच नव्हता, आणि खरेदीचे 4,000 नफा-तोट्यात. अ‍ॅडजस्टमेंट खात्यात सुरुवातीच्या साठ्यातले आणि पाठवलेल्या मालातले मिळून 90,000, त्यामधून 14,000 आणि 1,000 वजा झाले, की ढोबळ नफा 75,000 उरतो. तो विक्रीचा बरोबर पाचवा हिस्सा आहे, त्यामुळे हिशेब तिथल्या तिथे पडताळता येतो. त्यातून 4,000 आणि 36,000 गेले, की पुन्हा तेच 35,000.

नफा सारखाच निघतो, मग जास्तीची लिखापढी कशाला? कारण विक्रीच्या किमतीने माल पाठवण्याचा खरा फायदा स्टॉक पद्धतीतच मिळतो. वर्षअखेरची वाट न पाहता कुठल्याही दिवशी चिठ्ठ्यांची बेरीज करायची आणि खात्याच्या शिल्लकीला लावायची. फरक आला, तर आधी वाटेत असलेला माल तपासायचा. इंदूरहून निघालेलं आणि अजून न पोचलेलं गाठोडंही खात्यात तूट म्हणूनच दिसतं.

पण ही पद्धत घासाघीस सहन करत नाही, आणि आपल्याकडे साडी घासाघीशीशिवाय विकली जाते का? 2,000 ची साडी 1,800 ला दिली, की 200 ची तूट दिसणार. साडी गेलेली नाही, पैसा खाल्लेला नाही, तरी संशय काउंटरवरच्या पोरावर. उलट लग्नसराईत तीच साडी 2,200 ला गेली, तर वरचे 200 एखाद्या खऱ्या तुटीवर पांघरूण घालतात. म्हणून बिलावर चिठ्ठीची किंमत आणि सूट वेगळी लिहायलाच हवी. ती सूट साठ्याच्या खात्यात जमा आणि अ‍ॅडजस्टमेंट खात्यात नावे करायची. चिठ्ठीपेक्षा जास्त घेतलेल्या रकमेची नोंद याच्या उलट.

शाखा लहान असेल, घरचाच माणूस बसत असेल आणि बिलावर सूट लिहिली जाणार नसेल, तर मी डेटर्स पद्धतच सांगेन. रोज खोटी तूट दाखवणारं खातं शेवटी कुणी पाहत नाही. पगारी माणसं आणि छापील बिलं असतील, तर स्टॉक पद्धत.

काकांनी देवासला दोन मुलं पगारावर ठेवली आहेत. ते म्हणाले, "स्टॉकवाली करा, पण बिलबुकात सुटीचा रकाना आधी छापून घेऊ." रकाना छापला. पहिल्या महिन्यात तो जवळजवळ रिकामाच आला आणि तूट निघाली 1,150 ची, म्हणून आता मी आधी ती बिलं एकेक करून चिठ्ठ्यांशी लावतो आहे.