एका तव्याच्या दोन लिस्टिंग: व्ह्यू, क्लिक, ऑर्डर मोजून निवड करण्याचा काही महिन्यांचा अनुभव

आम्ही कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत ओतलेले बिडाचे तवे ऑनलाइन विकतो. त्यातला सगळ्यात जास्त चालणारा माल म्हणजे 30 सेंटिमीटरचा डोसा तवा. त्याची लिस्टिंग, म्हणजे विक्रीच्या पानावरचं शीर्षक आणि खालचे मुद्दे, दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहून, आळीपाळीने लावून, कुठली ठेवायची ते आकड्यांवरून ठरवायचं, असं गेले काही महिने चालू होतं. ही पद्धत वापरायला कशी आहे, कुठे उपयोगी पडते आणि कुठे नुसती दमवते, ते लिहितो.

काही मार्केटप्लेसवर याची सोय तयार मिळते. अ‍ॅमेझॉनवर Manage Your Experiments नावाचं साधन आहे. ते अर्ध्या गिऱ्हाइकांना एक आवृत्ती आणि अर्ध्यांना दुसरी, अशा दोन्ही एकाच वेळी दाखवतं. पण त्यासाठी ब्रँड नोंदवलेला लागतो आणि त्या मालाला पुरेशी वर्दळही लागते. आमच्यासारख्या छोट्या विक्रेत्याला बहुतेक वेळा हातानेच करावं लागतं: एक आठवडा ही, पुढचा आठवडा ती.

दोन्ही आवृत्त्यांत फरक काय होता ते आधी सांगतो, कारण पुढचे आकडे त्याशिवाय कळणार नाहीत. पहिली, म्हणजे ‘अ’, बाजारात सगळे लिहितात तशी होती: ‘प्री-सीझन्ड कास्ट आयर्न डोसा तवा, नॉनस्टिकला आरोग्यदायी पर्याय, गॅस आणि इंडक्शनवर चालणारा, 30 सेमी’. दुसरी, ‘ब’, रोखठोक होती: ‘कास्ट आयर्न डोसा तवा 30 सेमी, वजन 2.8 किलो, प्री-सीझन्ड, गॅस आणि इंडक्शन’. खालच्या मुद्द्यांतही तोच फरक. ‘अ’मध्ये आरोग्य, लोह आणि पारंपरिक चव. ‘ब’मध्ये तवा किती जड आहे, तापायला किती वेळ लागतो, धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात का द्यायचा. फोटो, किंमत, कूपन, जाहिरातीची बोली, सगळं दोन्हीकडे एकच.

एक काळजी मात्र आवर्जून घेतली. शीर्षक बदललं की नुसतं वाचणाऱ्याचं मन बदलत नाही, माल कुठल्या सर्चमध्ये दिसतो तेही बदलतं. ‘अ’मधला ‘नॉनस्टिक’ हा शब्द काढला असता तर नॉनस्टिक तवा शोधणाऱ्यांना ‘ब’ दिसलीच नसती. मग क्लिकचं प्रमाण आपोआप चांगलं दिसलं असतं, कारण बघणारी माणसंच वेगळी. म्हणून तो शब्द ‘ब’मध्ये गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या सर्च टर्मच्या रकान्यात टाकला. तरी दोघींचे व्ह्यू, म्हणजे सर्चच्या यादीत माल दिसला तेवढ्या वेळा, फार वेगळे येताहेत का, हे दर आठवड्याला पाहावं लागतंच. ते जवळपास सारखे आले तरच पुढचं गणित करण्यात अर्थ.

आठवडे लावले ते अ, ब, ब, अ या क्रमाने, आणि पुन्हा तेच. साधा अ, ब, अ, ब लावला तर ‘ब’ला कायम नंतरचा आठवडा मिळतो. विक्री हळूहळू वाढत असेल तर ती वाढ ‘ब’च्या खात्यात जाते. आठवडा पूर्ण घ्यायचा, कारण तव्याची खरेदी शनिवार-रविवारी वेगळी आणि मंगळवारी वेगळी. बदल रविवारी रात्री करायचा आणि सोमवारचे आकडे सोडून द्यायचे. नवं शीर्षक सगळीकडे दिसायला वेळ लागतो आणि त्या दिवशी दोन्हींची भेसळ असते. मार्केटप्लेसचा मोठा सेल, दिवाळीच्या आधीचे आठवडे आणि माल संपलेला आठवडा हे सगळे बाद. हे बाद करणं जिवावर येतं, कारण नेमके तेच आठवडे भरघोस असतात.

आता ज्या गोष्टीने मला या पद्धतीतलं सगळ्यात जास्त शिकवलं ती. दोन आवृत्त्या लावण्याआधी एकच लिस्टिंग, अक्षरही न बदलता, लागोपाठ दोन आठवडे चालू ठेवली. पहिल्या आठवड्यात 9 ऑर्डर, दुसऱ्यात 15. काहीही केलेलं नसताना दीडपटीहून जास्त! मध्ये शीर्षक बदललं असतं तर ‘नवीन शीर्षकाने विक्री वाढली’ असं कुणीही छातीठोकपणे सांगितलं असतं. ऑनलाइन विक्रीचे ‘मी एक शब्द बदलला आणि’ छापाचे निम्मे किस्से असेच जन्मतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून एक कच्चा नियम वापरतो. दोन्ही आवृत्त्यांना व्ह्यू सारखे मिळाले असतील तर दोघींच्या ऑर्डरींची बेरीज करायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. दोन ऑर्डरींमधला फरक त्याहून मोठा असेल तरच तो खरा धरायचा. 9 आणि 15 ची बेरीज 24, वर्गमूळ सुमारे 4.9, दुप्पट 9.8. फरक फक्त 6. म्हणजे नुसती हेलकाव्याची हालचाल. शीटमध्ये ‘अ’च्या ऑर्डर D2 मध्ये आणि ‘ब’च्या D3 मध्ये असतील तर सूत्र असं:

```
=ABS(D2-D3)>2*SQRT(D2+D3)
```

उत्तर TRUE आलं तर फरक आहे, FALSE आलं तर अजून काही म्हणता येत नाही. हेच सूत्र क्लिकनाही चालतं.

आता मुख्य निकाल. वाचायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केलेत. दोघींना प्रत्येकी 40,000 व्ह्यू मिळाले. ‘अ’वर 1,200 क्लिक आणि 48 ऑर्डर. ‘ब’वर 880 क्लिक आणि 53 ऑर्डर.

नुसते क्लिक पाहिले तर ‘अ’ सरळ जिंकते. 320 क्लिकचा फरक आहे आणि सूत्राच्या हिशेबाने 91 च्या वर काहीही खरं, तेव्हा यात शंका नाही. आरोग्यदायी पर्याय म्हटलं की लोक उघडून पाहतात. क्लिकमागे ऑर्डर पाहिल्या तर ‘ब’ जिंकते: ‘अ’कडे शंभरात 4, ‘ब’कडे शंभरात 6. पण या दुसऱ्या आकड्याचं फार कौतुक करू नये. वजन वाचून ज्यांना तवा नको होता ते ‘ब’वर आलेच नाहीत, म्हणून आत आलेल्यांत घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. शीर्षकाने दारातच गाळणी लावली, एवढाच त्याचा अर्थ.

खरी तुलना व्ह्यूपासून थेट ऑर्डरपर्यंत करायची. तेवढ्याच 40,000 वेळा दिसून एकीने 48 विकले, दुसरीने 53. फरक 5, आणि खरा म्हणायला हवा होता 20. म्हणजे बरोबरी. महिनोन्महिने मोजून हातात बरोबरी आली की वाईट वाटतं, पण निवड इथेच झाली. ऑर्डर सारख्याच असतील तर त्या कशाच्या बदल्यात मिळाल्या ते पाहायचं.

‘अ’ने तेवढ्याच ऑर्डरींसाठी 320 क्लिक जास्त घेतले आणि त्यातले बरेच जाहिरातीचे, म्हणजे पैसे देऊन आणलेले. क्लिकला 6 रुपये आणि तिसरा हिस्सा क्लिक जाहिरातीचे धरले तरी साडेसहाशेच्या आसपास रुपये नुसते बघून जाणाऱ्यांवर गेले. रक्कम फार नाही, पण बदल्यात काहीच नाही. त्याहून मोठी गोष्ट रिटर्नची. ‘अ’च्या 48 पैकी 9 तवे परत आले, ‘ब’च्या 53 पैकी 3. माझ्याच कच्च्या नियमाने हा फरकही जरा कमी पडतो. 7 च्या आसपास हवा होता, 6 आहे. पण इथे आकड्यासोबत कारणही लिहून येतं. ‘अ’च्या परत आलेल्या तव्यांवर बहुतेकांनी एकच कारण टाकलं होतं: फार जड आहे. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘एका हाताने उचलत नाही, सासूबाईंना तर अजिबात जमणार नाही.’ 2.8 किलोच्या पार्सलचा येण्याजाण्याचा खर्च विक्रेत्याच्या माथी पडला की दोन-तीन तव्यांचा नफा एका रिटर्नमध्ये जातो. वर तेल मुरवलेला तवा वापरून परत आला तर पुन्हा विकता येत नाही.

म्हणून ‘ब’ ठेवली. ऑर्डर जास्त आल्या म्हणून नव्हे. तेवढ्याच आल्या आणि त्यातल्या जास्त टिकल्या म्हणून.

यामुळे शीटमध्ये एक रकाना कायमचा वाढवला: टिकलेल्या ऑर्डर. सीओडीवर दारातून परत गेलेली पार्सलं आणि रिटर्न वजा करून उरतात त्या. त्यासाठी रिटर्नची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. निकाल उशिरा लागतो, पण पुन्हा बदलावा लागत नाही.

या पद्धतीच्या मर्यादा मात्र पक्क्या आहेत. पहिली म्हणजे छोटे फरक तिला दिसतच नाहीत. शंभर क्लिकमागे 5 ऐवजी 6 ऑर्डर होतात का, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायचं तर प्रत्येक आवृत्तीला साधारण आठ हजार क्लिक लागतात. आमच्या तव्याला तेवढे गोळा व्हायला वर्षं जातील. तेव्हा ‘उत्तम’ लिहावं की ‘दर्जेदार’ यावर चाचणी लावू नका. दोन आवृत्त्या एकमेकींपासून लांब असतील, वेगळा मुद्दा वेगळ्या पद्धतीने सांगत असतील, तरच लावा.

दुसरी मर्यादा: शीर्षक आणि मुद्दे दोन्ही एकदम बदलले, त्यामुळे कशाचा किती परिणाम झाला ते सांगता येत नाही. क्लिकचा फरक शीर्षकाचाच, कारण यादीत मुद्दे दिसत नाहीत. त्यापुढचं कुणाचं श्रेय, देव जाणे. पुस्तकी सल्ला ‘एका वेळी एकच बदला’ असा असतो. एवढ्या कमी विक्रीत तसं केलं तर एका तव्यावर दोन वर्षं जातील, म्हणून मी तो मानत नाही. मला कुठली आवृत्ती ठेवायची एवढंच ठरवायचं होतं.

तिसरी गोष्ट मोहाची. मधल्या एका टप्प्यावर ‘ब’ 17 विरुद्ध 9 ने पुढे होती आणि तिथेच थांबावंसं वाटत होतं. रोज डोकावून, आपल्याला हवा तो आकडा दिसला की चाचणी बंद करायची, असं केलं तर कुठलीही आवृत्ती कधी ना कधी जिंकतेच. किती आठवडे चालवायची ते सुरू करण्याआधी लिहून ठेवलं होतं, म्हणून निभावलं.

ज्यांच्या मालाला महिन्याला पाच-दहा ऑर्डर येतात त्यांनी या फंदात पडू नये. त्यांनी रिटर्नची कारणं आणि गिऱ्हाइकांचे प्रश्न वाचून लिस्टिंग नीट लिहावी. वजनाचा मुद्दा आम्हालाही तिथूनच सुचला होता. आठवड्याला दहा-पंधरा ऑर्डर असतील तर चार-सहा महिन्यांत एखादा निर्णय हाती लागतो. आता पुढची चाचणी मुख्य फोटोची: एकात तवा एकटा, दुसऱ्यात शेजारी मोजपट्टी. दिवाळीची गर्दी ओसरली की लावणार आहोत.